Explainer : होर्डिंगवरचा क्यूआर कोड १४ जणांनीच वापरला, मग जाहिरात वाया गेली का?

समजा, एका फर्निचर दुकानाच्या सातारा आणि सांगलीत शाखा आहेत. दिवाळीआधी मालकाने साताऱ्यात पोवई नाक्यावर होर्डिंग लावले. पंधरा दिवसांत त्यावरच्या क्यूआर कोडवरून फक्त १४ चौकश्या आल्या. आता भाडे भरून होर्डिंग पुढे चालू ठेवायचे की काढायचे? नुसत्या १४ या आकड्यावर हा निर्णय घेतला तर तो चुकू शकतो. का, ते समजून घेऊ.

क्यूआर कोड आहे, म्हणजे मोजणी होते का?

नाही. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड बंधनकारक केला. तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणीकृत माहिती उघडते. ग्राहकासाठी ही सोय चांगली आहे. पण कोणत्या होर्डिंगमुळे किती लोक आले, हे त्यावरून बिल्डरला कळत नाही. मोजणीसाठी प्रत्येक जागेला वेगळा कोड आणि वेगळा पत्ता लागतो.

वेगळा पत्ता कसा करायचा?

होर्डिंगवर छोटा पत्ता छापायचा आणि क्यूआर कोडमध्येही तोच ठेवायचा. तो उघडला की वेबसाइट ग्राहकाला खुणा जोडलेल्या लांब पत्त्यावर नेते.

```
example.com/naka
→ example.com/diwali?utm_source=powai_naka&utm_medium=hoarding
```

वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला `example.com/paper` असा दुसरा पत्ता द्यायचा. लांब पत्ता थेट कोडमध्ये घातला तर त्यातले चौकोन बारीक होतात आणि लांबून स्कॅन होत नाहीत. छोट्या पत्त्याचा आणखी एक फायदा म्हणजे तो लक्षात ठेवून घरी गेल्यावरही टाइप करता येतो.

होर्डिंगवर स्कॅन कमी का होतात?

ढोबळ नियम असा की, जितक्या अंतरावरून स्कॅन करायचे, त्याच्या दहाव्या भागाइतका कोड रुंद हवा. २० मीटरवरून स्कॅन होण्यासाठी तो २ मीटरचा लागतो. शिवाय ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. चालकाने मोबाइल काढूच नये. म्हणून हायवेवर दुकानाचे नाव आणि छोटा पत्ता मोठ्या अक्षरांत द्यावा. क्यूआर कोड बसथांबा, सिग्नल किंवा वर्तमानपत्र अशा ठिकाणी जास्त उपयोगी पडतो, कारण तिथे माणूस थांबलेला असतो.

मग खरा आकडा कसा काढायचा?

आधी आकडा साफ करायचा. कर्मचाऱ्यांनी तपासणीसाठी केलेले स्कॅन वगळायचे. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की प्रीव्ह्यूसाठी ती आपोआप उघडली जाते, त्या नोंदीही वगळायच्या. आपल्या उदाहरणातल्या १४ चौकश्या अशा गाळून उरलेल्या आहेत.

त्यानंतर काउंटरवर प्रत्येक नव्या ग्राहकाला विचारायचे, ‘आमच्याबद्दल कुठे कळले?’ समजा, २० जणांनी होर्डिंगचे नाव घेतले आणि त्यातल्या ५ जणांनीच कोड किंवा छोटा पत्ता वापरला होता. बाकीच्यांनी गुगलवर नाव शोधले किंवा ते सरळ दुकानात आले. म्हणजे कोडमधून दिसणाऱ्या एका माणसामागे साधारण चार माणसे होर्डिंगमुळे आली. १४ गुणिले ४ म्हणजे ५६ चौकश्या. पण ५ हा आकडा लहान आहे. तो ४ असता तर उत्तर ७० आले असते आणि ६ असता तर ४७. त्यामुळे ‘५६’ असे ठाम न सांगता ‘४७ ते ७०’ म्हणणे योग्य.

हा अंदाज पडताळायचा कसा?

इथे सांगलीची शाखा कामी येते, कारण तिथे होर्डिंग नव्हते. समजा, सांगलीतल्या एकूण चौकश्या १०० वरून ११० झाल्या. ही १० टक्के वाढ दिवाळीची. साताऱ्यात त्या १२० वरून १८० झाल्या. नुसत्या दिवाळीमुळे त्या १३२ झाल्या असत्या. म्हणजे जास्तीच्या ४८ चौकश्या होर्डिंगच्या. हा आकडा ४७ ते ७० मध्ये बसतो, अगदी खालच्या टोकाला. म्हणून हिशेबासाठी ५० च्या आसपासचा आकडा धरणे सुरक्षित. मात्र त्या पंधरवड्यात फक्त साताऱ्यात वेगळी सवलत दिली असेल, तर ही तुलना बाद ठरते.

कोणती चूक टाळावी?

अॅनालिटिक्समध्ये दिसणाऱ्या शहरावर विसंबू नका. मोबाइल डेटावर साताऱ्याचा ग्राहक अनेकदा पुणे किंवा मुंबईचा दिसतो. त्याऐवजी फॉर्ममध्ये पिनकोड विचारा.

आता होर्डिंगचे भाडे १४ ने नाही, तर ५० ने भागा. एका चौकशीचा खर्च साडेतीन पटींहून जास्त कमी होतो. होर्डिंग ठेवायचे की काढायचे, हे त्या आकड्यावर ठरवा.