भोकांतलं तेल काय सांगतं

थालीपीठ बिघडतं ते बहुतेक वेळा दोनच तऱ्हांनी. एक तर वरून काळसर खरपूस होतं आणि मधोमध मोडलं की आत ओलसर, कच्चट लागतं. नाही तर आतपर्यंत शिजतं, पण शिजता शिजता इतकं वाळतं की दाताखाली वातड होतं. पहिल्यात आच जास्त झालेली असते, दुसऱ्यात वेळ. कडा कुरकुरीत आणि मध्यभाग मऊ हे दोन्ही एकाच थालीपिठात साधायचं तर ही दोन कामं तव्यावर वेगवेगळ्या वेळी होतात, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. झाकण असताना ते मऊ होतं, झाकण काढल्यावर कुरकुरीत. आणि या दोन्हींच्या मधला दुवा म्हणजे आपण बोटानं पाडतो ती भोकं.

भोकं मुळात लागतात कशाला? भाजणीचं थालीपीठ पोळीसारखं पातळ नसतं. ते चांगलं साडेचार-पाच मिलिमीटर जाड असतं, आणि हातानं थापलेलं असल्यामुळे त्याचा तळ कधीच एकसारखा सपाट नसतो. तव्यावर घातलं की काही ठिकाणी ते तव्याला टेकतं, काही ठिकाणी खाली हवेची बारीक पोकळी राहते. हवा उष्णता नीट पोहोचवत नाही, तेल पोहोचवतं. कडेनं सोडलेलं तेल आत सरकतं, पण मध्यापर्यंत पोहोचेलच असं नाही. भोकातून सोडलेलं तेल मात्र थेट खाली उतरतं, पसरतं आणि त्या पोकळ्या भरून काढतं. म्हणून भोकं असलेल्या थालीपिठाच्या तळाला मध्यापासून कडेपर्यंत सारखा तांबूस रंग येतो, आणि बिनभोकाच्या थालीपिठाच्या तळावर पांढुरके डाग राहतात.

दुसरं काम वाफेचं. पिठातलं आणि कांद्यातलं पाणी तापलं की तळाशी वाफ धरते. तिला वाट मिळाली नाही तर ती थालीपीठ तव्यावरून उचलून धरते आणि तिथे पुन्हा पोकळी तयार होते. भोकांतून ही वाफ निसटते. शिवाय प्रत्येक भोकाला स्वतःची एक कड असते आणि ती कडही कुरकुरीत होते. मधल्या भोकाभोवतीचा तुकडा घरात आधी संपतो तो यामुळेच.

किती भोकं पाडायची याचाही हिशोब आहे. सोळा सेंटीमीटर रुंदीच्या, म्हणजे साधारण मोठ्या बशीएवढ्या थालीपिठाला मध्ये एक आणि चारी बाजूंना चार अशी पाच पुरतात. मग कुठलाही भाग कडेपासून किंवा एखाद्या भोकापासून सुमारे तीन सेंटीमीटरपेक्षा दूर राहत नाही. भोक बोटाच्या जाडीचं हवं. काडीनं टोचलेलं बारीक छिद्र भाजताना पीठ फुगून बुजून जातं. बोट पाण्यात बुडवून भोक पाडावं आणि बोट तळाला टेकलं पाहिजे. अर्धवट खोल खळगा केला तर तेल त्यात साचून वरच्या वर पिठात मुरतं.

आता एक थालीपीठ सुरुवातीपासून लावून पाहू. एक वाटी भाजणी, म्हणजे साधारण 130 ग्रॅम, घ्यावी. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद, धणे-जिरे असं सगळं भाजून दळलेलं हे पीठ पाणी हळूहळू पितं. म्हणून मीठ, तिखट, हळद, चमचाभर तीळ घालून आधी कोमट पाण्यात ते सैलसर भिजवावं आणि दहा मिनिटं झाकून ठेवावं. कांदा आणि कोथिंबीर अगदी थापायच्या आधी घालावी. मिठाच्या संगतीत कांद्याला पाणी सुटतं, आणि कांदा घालून तासभर ठेवलेला गोळा इतका पातळ होतो की त्याला भोकंही नीट धरत नाहीत. गोळा हातात घेऊन दाबला तर कडांना मोठ्या भेगा पडू नयेत, इतपत तो मऊ हवा. भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळावा. एवढ्या पिठाची मध्यम आकाराची तीन थालीपिठं होतात.

थापायच्या दोन रीती आहेत आणि दोन्हींची आच वेगळी असते. ओल्या फडक्यावर किंवा केळीच्या पानावर थापून उलटं टाकायचं असेल तर तवा आधी तापलेला लागतो. मध्यम आचेवर तवा ठेवून पाण्याचा थेंब शिंपडावा. तो चुरचुरत दोन-तीन सेकंदांत उडून गेला तर तवा तयार आहे. थेंब मोत्यासारखा गोल होऊन तव्यावर पळायला लागला तर तवा फार तापला आहे. आच कमी करून मिनिटभर थांबावं. दुसरी रीत थेट गार तव्यात तेल लावून थापण्याची. मला हीच जास्त आवडते, कारण पीठ हातानं तव्याला दाबलं जातं आणि पोकळ्या मुळातच कमी राहतात. तिचा तळ सगळ्यांत एकसारखा भाजतो. मात्र तवा तापायला वेळ जात असल्यामुळे पुढे दिलेल्या वेळेत दोन मिनिटं वाढवावी लागतात. दुसरं थालीपीठ थापायचं तर तवा गार व्हायला हवा, म्हणून या रीतीला दोन तवे असलेले बरे. तापलेला बिडाचा तवा घाईनं नळाखाली धरू नये, तो तडकू शकतो.

तेल एका थालीपिठाला दोन लहान चमचे पुरतं: एक तव्यावर, अर्धा भोकांत थेंब थेंब वाटून आणि उरलेला कडेनं. भोकांत आणि कडेनं सोडायचं तेल थालीपीठ तव्यावर गेल्यावर लगेच सोडावं. मग आच मध्यमपेक्षा जरा कमी करून झाकण ठेवावं आणि चार मिनिटं हलवू नये.

या चार मिनिटांत आत काय चालतं? झाकणाखाली वाफ कोंडते, थालीपिठाचा वरचा भाग त्या वाफेवर शिजतो आणि आतला ओलावा टिकून राहतो. पिठातला स्टार्च शिजायला शंभर अंशांच्या खालचं तापमानही पुरतं, हवं असतं ते पाणी आणि थोडा वेळ. तळाला मात्र उलट गोष्ट हवी असते. जोवर तळाच्या पापुद्र्यात पाणी आहे तोवर त्याचं तापमान शंभराच्या फारसं वर जात नाही आणि रंगही धरत नाही. पाणी उडून गेल्यावर ते चढतं, 140 अंशांच्या आसपास तांबूसपणा येऊ लागतो, आणि त्याच्याबरोबर खमंग वास. आच मोठी ठेवली तर तळाचं पाणी झटकन उडतं, पापुद्रा जळू लागतो आणि तोवर मध्यभागाला उष्णता पोहोचलेलीच नसते. फार मंद ठेवली तर रंग यायच्या आधी सगळ्या थालीपिठातलं पाणी निघून जातं. मध्यमपेक्षा जरा कमी ही आच म्हणूनच ठरते: मध्य शिजणं आणि तळ रंगणं एकाच वेळी संपतं.

झाकण उचलून भोकांत पाहावं. सुरुवातीला तिथलं तेल बुडबुड्यांनी उसळत असतं. हे बुडबुडे तेलाचे नव्हेत, पिठातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे असतात. ते जोरात येत असतील तर तळ अजून ओला आहे, उलथायला गेलात तर थालीपीठ मोडेल. बुडबुडे विरळ झाले, चर्र आवाज मंदावला, वरच्या भागाची ओली चकाकी गेली आणि कडा तव्यापासून किंचित सुटल्या की तळ तयार झाला. घड्याळापेक्षा ही खूण जास्त भरवशाची, कारण प्रत्येकाचा तवा, शेगडी आणि थापण्याची जाडी वेगळी असते. खात्रीसाठी तवा जरा तिरका करावा. थालीपीठ आपोआप सरकलं तर उलथनं घालायला हरकत नाही.

झाकण काढताना ते तिरकं करून बाजूला न्यावं. त्यावर साचलेलं पाणी थालीपिठावर पडलं तर नुकता जमलेला पापुद्रा मऊ पडतो. उलथल्यावर झाकण पुन्हा ठेवायचं नाही. दुसऱ्या बाजूला दोन ते तीन मिनिटं, आच तेवढीच, आणि शेवटचं अर्धं मिनिट आच मध्यम करायची. याच काळात कडांतला उरलासुरला ओलावा उडतो आणि त्या कुरकुरीत होतात. कडा मध्यभागापेक्षा थोड्या पातळ थापल्या तर हे आणखी सोपं जातं.

एक अडचण बऱ्याच घरांत दिसते: मधे करपतं आणि कडा पांढऱ्या राहतात. यात चूक पिठाची नसते. लहान बर्नरची ज्योत तव्याच्या मधोमधच लागते आणि पातळ तवा उष्णता कडेपर्यंत नेत नाही. दर मिनिटाला तवा थोडा सरकवून एकेक कड ज्योतीवर आणावी, किंवा जाड लोखंडी तवा वापरावा. नॉनस्टिकवर तेल कमी लागतं, पण तो रिकामा फार तापवणं बरं नाही; त्यावर गार तव्यात थापायची रीतच बरी.

हे सगळं भाजलेल्या पिठाचं गणित आहे. मराठवाड्याकडची धपाटी कच्च्या पिठांची असतात आणि पातळ थापतात, त्यामुळे त्यांना झाकणाची फारशी गरज पडत नाही. भाजणी नसताना कच्ची पिठं मिसळून जाड थालीपीठ लावलं, तर मात्र झाकणाखाली दीड-दोन मिनिटं जास्त द्यावी लागतात, नाही तर डाळीच्या पिठाचा कच्चट वास राहतो. साबुदाण्याचं थालीपीठ तर आणखी वेगळं. ते चिकट असतं, त्याला आच मंद आणि वेळ जास्त लागतो, आणि घाई केली की तव्यालाच बसतं.

तव्यावरून काढलेलं थालीपीठ डब्यात घालून झाकू नका. त्याच्याच वाफेनं कडा पाच मिनिटांत मऊ पडतात. जाळीवर किंवा सरळ ताटात काढा, लोण्याचा गोळा ठेवा आणि पुढचं तयार होईपर्यंत पहिलं खाऊन टाका. डब्यात न्यायचं असेल तर पूर्ण गार झाल्यावरच भरा.