साठ पाऊच आले, एकशे वीस दिसले

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बाजारपेठेत एक किराणा दुकान आहे. वडील गल्ल्यावर बसतात, मुलगा माल आणि उधारी पाहतो. वह्या वडिलांच्या हातच्या आणि चोख. तरी यंदा मुलाच्या आग्रहाने त्यांनी बिलिंगचं ॲप घेतलं. एक खातं, दोन यंत्रं: गल्ल्यावर कॉम्प्युटर आणि मुलाच्या हातात मोबाइल. दोन्हींवर केलेल्या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर जातात आणि तिथून दोन्हीकडे परत येतात. या जाण्यायेण्यालाच सिंक म्हणतात. त्यांच्या पहिल्याच आठवड्यात हे सिंक चुकलं. चूक दिसायला छोटी होती, पण तिने दुकानात काय काय हलवलं हे ॲप वापरणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखं आहे.

सोमवारी दुकान बंद ठेवून मालाची मोजदाद झाली आणि ओपनिंग स्टॉक भरला गेला. त्यातल्या दोनच वस्तू आपण धरून चालू. गोडेतेलाचे एक लिटरचे १४ पाऊच आणि ३५ किलो साखर. मंगळवारी घाऊक व्यापाऱ्याचा टेंपो आला. तेलाचे पाच बॉक्स, प्रत्येकात १२ म्हणजे ६० पाऊच, आणि साखरेच्या ५० किलोच्या चार गोण्या. बिल १६,५०० रुपयांचं. मुलाने मागच्या गोडाऊनमध्येच, गोण्या उतरत असताना, मोबाइलवर खरेदीची नोंद केली. गोडाऊन जुनं, दगडी भिंतींचं, आत रेंज जेमतेम. त्याने सेव्ह दाबलं, चक्र फिरत राहिलं, त्याने फोन खिशात टाकला आणि तो पुढे गल्ल्यावर आला.

त्या मिनिटभरात काय घडलं ते असं. मोबाइलने नोंद सर्व्हरकडे पाठवली. ती पोचली आणि सर्व्हरने लिहूनही घेतली. मग ‘मिळाली’ असा निरोप सर्व्हरने उलट पाठवला आणि तो निरोप दगडी भिंतीबाहेरच अडला. मोबाइलच्या दृष्टीने नोंद अजून बाकीच होती. ठरलेली वेळ उलटल्यावर त्याने ती ‘पाठवायच्या’ रांगेत ठेवली आणि गल्ल्याजवळ रेंज येताच पुन्हा पाठवली. सर्व्हरने ती नवी नोंद समजून दुसऱ्यांदा लिहिली.

रजिस्टर पत्राची पोचपावती परत आली नाही, तर पाठवणाऱ्याला दोन शक्यता दिसतात: पत्र हरवलं असेल किंवा नुसती पावती हरवली असेल. टेबलाशी बसून त्याला हे कधीच ओळखता येत नाही. मोबाइलची अडचण नेमकी हीच होती. संगणकशास्त्रात या कोड्यावर १९७५ पासून लिहिलं गेलं आहे आणि १९७८ मध्ये जिम ग्रे या शास्त्रज्ञाने दोन सेनापतींची गोष्ट करून ते मांडलं. बेभरवशाच्या वाटेवरून निरोप जात असतील, तर निरोप पोचल्याची दोन्ही बाजूंना एकाच वेळी पक्की खात्री होऊ शकत नाही, हे त्याचं सार. त्यामुळे पुन्हा पाठवणं ही मोबाइलची चूक नव्हती. न पाठवता गप्प बसला असता, तर कधीतरी खरंच हरवलेली नोंद कायमची गेली असती. चूक होती ती दुसऱ्यांदा आलेली नोंद ओळखण्याची सोय ठेवली नाही यात.

मुलाने पुरवठादाराचा बिल क्रमांक भरला होता, हेही सांगायला हवं. तोच क्रमांक कुणी पुन्हा भरायला गेलं की ॲप सावध करतं. पण ती सूचना माणूस पडद्यावर नोंद करत असताना येते. इथे दुसरी नोंद कुणी भरलीच नव्हती, ती यंत्राने आतल्या आत पाठवली. त्या वाटेवर तपासणी नव्हती.

मंगळवार आणि बुधवार सुरळीत गेले. बिलं निघत होती, विक्री वजा होत होती, पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. दुबार नोंदीचा हाच धोका वाटतो मला, की ती कामात अडथळा आणत नाही. स्टॉक कमी दिसला असता तर ॲपने ‘माल नाही’ म्हणून बिल अडवलं असतं आणि लगेच कळलं असतं. जास्त दिसणारा स्टॉक कुणाला अडवत नाही.

गुरुवारी संध्याकाळी ऑर्डर घ्यायला सेल्समन आला. तोवर ३८ पाऊच विकले गेले होते, म्हणजे फळीवर ३६ उरले होते. ४० च्या खाली गेलं की सूचना द्यायची, असं तेलाला लावून ठेवलं होतं. पण ॲपच्या हिशेबी १४ आणि १२० मिळून १३४, त्यातून ३८ गेले, उरले ९६. सूचना आली नाही. मुलाने यादी पाहिली, तेल तिच्यात नव्हतं, म्हणून तेलाची ऑर्डर दिली नाही. गावाकडे आठवड्यातून एकदाच येणारा सेल्समन असा रिकामा गेला, तर पुढचे काही दिवस गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. पडद्यावरच्या चुकीचा पहिला खरा फटका इथे बसला.

चूक उघडी पडली ती मात्र मालावरून नव्हे, पैशांवरून. शुक्रवारी वसुलीचा माणूस आला. पडद्यावर त्याच्या पेढीचे ३३,००० रुपये देणं दिसत होतं. तोच म्हणाला, ‘‘शेठ, सोळा हजार पाचशेच आहेत. तेहतीस कुठून आले?’’ वडिलांनी कागदी बिल काढून पाहिलं, पैसे दिले आणि मुलाला म्हणाले, ‘‘आधी माल मोज.’’

मोजणीतून जे निघालं ते फार बोलकं होतं. तोवर आणखी सहा पाऊच गेले होते. फळीवर ३०, ॲपमध्ये ९०, फरक ६०. साखर ८५ किलो विकली होती. ॲपमध्ये ३५० किलो, प्रत्यक्षात १४९ किलोच्या आसपास. सुट्या मालातली किलोभर घट सोडली, तर फरक २०० चा. आणि त्या बिलात नसलेली चहाची पाकिटं मोजली, ती दोन्हीकडे सारखी, २२. अशा वेळी फरकाचा आकडाच कारण सांगतो. चोरी, गळती किंवा मोजणीतली चूक असेल, तर फरक वेडावाकडा येतो आणि निरनिराळ्या वस्तूंत निरनिराळा असतो. बॉक्स आणि नग यांची गल्लत झाली असेल, तर एकाच वस्तूचा आकडा बारा पटींनी बिघडतो. फरक एखाद्या बिलातल्या प्रत्येक वस्तूत, नेमका त्या बिलाएवढा आणि फक्त त्याच बिलापुरता असेल, तर ते बिल दोनदा चढलं आहे. मुलाने खरेदीची यादी उघडली. मंगळवारच्या दोन नोंदी खालीवर होत्या. पुरवठादार, बिल क्रमांक आणि रक्कम तीच, वेळेत तीन मिनिटांचं अंतर.

यानंतर मुलाने जे केलं ते जवळजवळ सगळेच करतात. शुक्रवारी रात्री त्याने ‘स्टॉक ॲडजस्टमेंट’मध्ये जाऊन तेलाचे ६० आणि साखरेचे २०० किलो वजा केले. आकडे जुळले, पण कारण जागेवरच राहिलं. खरेदीच्या यादीत बिल अजून दोनदा होतं, आणि पैसे चुकते केल्यावरही व्यापाऱ्याचं १६,५०० रुपये देणं दिसत होतं. तेल आणि साखर दोन्हींवर जीएसटी ५ टक्के, म्हणजे या करासहित बिलात कर सुमारे ७८६ रुपयांचा. ॲपमधून निघणाऱ्या जीएसटीच्या तक्त्यात मात्र इनपुट क्रेडिट त्याच्या दुप्पट गेलं असतं. सरकारच्या पोर्टलवर जीएसटीआर-२बी हा तक्ता पुरवठादाराने भरलेल्या माहितीवरून तयार होतो, त्यात ते बिल एकदाच येणार. हा फरक हिशेबनिसाच्या नजरेतून सुटला, तर जास्त घेतलेला कर व्याजासह परत भरण्याची पाळी येऊ शकते.

शनिवारी मुलाने ॲपच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या माणसाने दोन नोंदी पाहिल्या, चूक कबूल केली आणि दुसरी नोंद सर्व्हरवरून काढून टाकली. त्याने योग्य तेच केलं, पण आदल्या रात्रीच्या ॲडजस्टमेंटबद्दल त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता ६० पाऊच दोनदा वजा झाले. दुपारपर्यंत आठ पाऊच विकून फळीवर २२ होते आणि पडद्यावर उणे ३८. उणे स्टॉक दिसताच ॲपने तेलाचं बिल अडवलं. मग ॲडजस्टमेंटची नोंद रद्द केली, आणि २२ ला २२ जुळले.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. दुबार नोंद सापडली की आधी दोन्ही यंत्रं रेंजमध्ये आणून सिंक पूर्ण होऊ द्यावं, म्हणजे रांगेत काही अडकलेलं राहत नाही. मग दोन्ही नोंदींचे फोटो घेऊन ठेवावेत. काढायची ती नोंद, आकडा नव्हे. आणि दोहोंपैकी जिच्यासमोर पैसे दिल्याची नोंद जोडली असेल ती ठेवून दुसरी काढावी, नाहीतर दिलेले पैसे लोंबकळत राहतात. ॲडजस्टमेंट ही सोय फुटलेल्या बरण्या, उंदराने खाल्लेला माल आणि तोलातली घट यांच्यासाठी आहे.

ॲप बनवणाऱ्यांसाठी या दुखण्यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. नोंद जन्माला येते त्याच क्षणी, म्हणजे सेव्ह दाबताच, मोबाइलने तिला जगात दुसऱ्या कुठल्याही नोंदीला नसेल असा ओळखक्रमांक द्यायचा. नोंद दहा वेळा पाठवली तरी क्रमांक तोच. सर्व्हरने तो क्रमांक आधी पाहिला असेल, तर पुन्हा न लिहिता नुसता ‘मिळाली’ म्हणून निरोप द्यायचा. नोंदीतला मजकूर ताडून हे काम भागत नाही. एका मिनिटात दोन गिऱ्हाइकं एकेक पाऊच घेऊन गेली, तर त्या दोन बिलांचा मजकूर सारखाच असतो आणि तरी दोन्ही खरी असतात. मजकूर पाहून दुसरी गाळणारं ॲप विक्रीच बुडवेल.

आपलं ॲप यात कसं आहे हे दुकानदाराला घरीच पाहता येतं. ‘चाचणी’ नावाची एक वस्तू तयार करा आणि एक नगाची खरेदी भरा. सेव्ह दाबल्यावर लगेच मोबाइल एरोप्लेन मोडवर टाका, मिनिटभराने तो काढा आणि नोंदी किती झाल्या ते बघा. हे पंधरा-वीस वेळा करा, दर वेळी थोड्या वेगळ्या क्षणी. एकदाही दोन नोंदी दिसल्या, तर ते ॲप घेऊ नका. दिसल्या नाहीत तरी तो पक्का पुरावा नव्हे, कारण निरोप हरवण्याचा नेमका क्षण हाताने पकडणं कठीण असतं. त्यामुळे विकायला येणाऱ्याला सरळ विचारा: नोंदीला ओळखक्रमांक मोबाइल देतो की सर्व्हर? उत्तर ‘सर्व्हर’ असं आलं किंवा आलंच नाही, तर वही बंद करू नका.