फुप्फुसातला धुरकट ठिपका: ऑपरेशनआधी पुन्हा स्कॅन का?

रिपोर्टमधला ठिपका

फुप्फुसात हवा असल्यामुळे सीटी स्कॅनमध्ये ते काळं दिसतं. त्यात कधी एखादा धुरकट, करडा ठिपका सापडतो. घासलेल्या काचेतून दिसावं तशा त्याच्यातून रक्तवाहिन्या दिसत राहतात. हाच ‘ग्राउंड ग्लास नोड्यूल’. ठिपक्याच्या एखाद्या भागात रक्तवाहिन्या पूर्ण झाकल्या गेल्या, तर तो भाग घन झाला असं म्हणतात.

पहिला प्रश्न: तो टिकतो का?

जंतुसंसर्ग, सूज किंवा थोडासा रक्तस्राव यांमुळेही असाच ठिपका दिसतो आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विरून जातो. टिकून राहिला, तर कर्करोगाच्या अगदी प्राथमिक अवस्थेची शक्यता धरावी लागते. पण असा पूर्ण धुरकट ठिपका सहसा फार सावकाश वाढतो, त्यामुळे काही महिने थांबल्याने उपचाराची संधी सहसा हुकत नाही. उलट ऑपरेशनमध्ये कापलेला फुप्फुसाचा भाग परत येत नाही, आणि असे ठिपके एकाहून जास्तही असू शकतात.

लगेच सुईने तुकडा काढावा, तर एवढ्या लहान, विरळ जागेतून नेमका नमुना मिळणं अवघड. पेट स्कॅनही अशा ठिपक्यात अनेकदा काहीच दाखवत नाही. म्हणून त्याची वागणूक पाहणं हीच खरी तपासणी ठरते.

एक उदाहरण

समजा, ५२ वर्षांच्या बाईंच्या स्कॅनमध्ये ८ मिमीचा पूर्ण धुरकट ठिपका आहे. फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७ च्या शिफारशींनुसार ६ मिमीपेक्षा लहान ठिपक्याला सहसा पुन्हा स्कॅन लागत नाही. हा मोठा आहे, म्हणून ६ ते १२ महिन्यांनी स्कॅन आणि टिकला तर दर दोन वर्षांनी, एकूण पाच वर्षं.

पुढे तो १० मिमी झाला. वाढ फक्त २ मिमीची, पण ठिपका चहूबाजूंनी वाढत असल्यामुळे त्याचं आकारमान जवळपास दुप्पट झालं. शिवाय आत ३ मिमीचा घन भाग दिसू लागला. आता अंतर कमी होतं: ३ ते ६ महिन्यांनी स्कॅन, नंतर दरवर्षी. घन भाग ६ मिमीच्या पुढे गेला किंवा वाढतच राहिला, तर बायोप्सी किंवा ऑपरेशनचा विचार होतो.

फसगत कुठे होते

१ ते २ मिमीचा फरक मोजण्यातलाही असू शकतो. श्वास नीट रोखला नाही किंवा जाड कापांचा स्कॅन झाला, तर ठिपका वेगळाच भासतो. म्हणून स्कॅन पातळ कापांचा आणि शक्यतो कमी किरणोत्साराचा करतात. जुन्या स्कॅनची सीडी सोबत न्यावी. नुसत्या रिपोर्टवरून तुलना होत नाही. तीही फक्त मागच्याशी नव्हे, सगळ्यात पहिल्या स्कॅनशी करायची, कारण सावकाश वाढ लागोपाठच्या दोन स्कॅनमध्ये निसटून जाते.

आधी कर्करोग झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना हे वेळापत्रक लागू नाही. त्यांचा निर्णय डॉक्टर वेगळा घेतात.