रात्री एक वाजता आलेल्या आजी

मुंबई विमानतळाजवळच्या हॉटेलात रात्री एकच्या सुमारास काउंटरवर बहुधा एकटाच माणूस असतो आणि तो दिवसभराच्या हिशेबाचा मेळ घालत असतो. अशा वेळी सत्तरी ओलांडलेल्या आजी समोर येऊन उभ्या राहिल्या, असं समजा. नागपूरचं विमान उशिरा पोहोचलं, लंडनचं निघून गेलं. विमान कंपनीने खोलीची चिठ्ठी दिलीय, पण आजींचे हात थरथरताहेत. "बाळा, आता माझं तिकीट वाया गेलं का रे?"

"काळजी करू नका" असं म्हणून इथे भागत नाही, कारण त्यातून आजींना काहीच कळत नाही. जाणता रिसेप्शनिस्ट काउंटरमागून बाहेर येतो, त्यांना सोफ्यावर बसवतो, पाणी देतो आणि तिकिटाआधी विचारतो, "आजी, तिकडे घ्यायला कोण येणार आहे?" मुलगी. खरी धास्ती तीच असते: लेक विमानतळावर वाट बघत बसेल आणि आपण दिसणार नाही. लंडनमध्ये तेव्हा संध्याकाळचे साडेसात-साडेआठ झालेले असतात, म्हणजे लेक जागी असणार. तो काउंटरवरूनच फोन लावून देतो. लेकीचा आवाज ऐकल्यावर आजींचा श्वास जरा खाली बसतो.

दुसरा प्रश्न औषधांचा. रक्तदाबाच्या गोळ्या पुष्कळदा मोठ्या बॅगेत राहतात आणि ती बॅग विमान कंपनीच्या ताब्यात असते. रात्रीची गोळी चुकली असेल तर तो स्वतःजवळची कुठलीही गोळी देत नाही. डॉक्टरांना फोन करतो. आजींना चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर ही नुसती घाबरगुंडी न मानता लगेच रुग्णवाहिका बोलवायची.

मग तिकीट. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असली, तर पुढच्या विमानात जागा देणं हे कंपनीचं काम. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असली, तर मात्र दुसरी कंपनी प्रवासी आलाच नाही असं धरू शकते आणि त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही रद्द होऊ शकतो. म्हणून पीएनआर पाहिल्याशिवाय तो शब्द देत नाही. आजींचा पीएनआर एकच निघतो. कंपनीला फोन करून तो नव्या विमानाची वेळ विचारून घेतो, व्हीलचेअर नोंदवायला सांगतो. बोर्डिंग पासला चिकटवलेल्या बॅगेच्या पावतीवर एलएचआर, म्हणजे हीथ्रो, असं छापलेलं आजींना दाखवतो. "तुमच्याशिवाय बॅग सहसा पुढे पाठवत नाहीत, आजी. नव्या विमानात ती चढवायला सांगितलंय."

हे सगळं रात्री आठवणीत राहणार नाही, हे ओळखून तो कागदावर ठळक अक्षरांत लिहून देतो: उठवायचा फोन किती वाजता, गाडी किती वाजता, विमान किती वाजता. खोली लिफ्टजवळची देतो, काउंटरला फोन लावायचं बटण आजींकडून एकदा दाबून घेतो. सात वाजता पाळी बदलण्यापूर्वी नोंदवहीत लिहून ठेवतो: आजी एकट्या आहेत, चहा बिनसाखरेचा, गाडीपर्यंत कुणीतरी सोबत जावं.