इंटेलचा नफा नेमका कुठे गळाला?

2021 साली इंटेल या अमेरिकी चिप कंपनीने भागधारकांच्या दर शंभर डॉलरवर जवळपास 21 डॉलर कमावले. पुढच्याच वर्षी ही कमाई आठाच्या आत आली. 'पीसीची मागणी आटली' हे कारण बाजारात सगळ्यांच्या तोंडी होतं. ते खरं आहे, पण अर्धवट.

ड्यूपॉन्ट कंपनीतल्या डोनाल्डसन ब्राऊन यांनी शतकापूर्वी परताव्याची फोड करायची रीत घालून दिली. आज ती तीन प्रश्नांत मांडतात. शंभराच्या विक्रीत नफा किती उरला? मालमत्तेतल्या प्रत्येक डॉलरमागे विक्री किती झाली? आणि ती मालमत्ता भागधारकांच्या पैशाच्या किती पट आहे, म्हणजे कर्ज आणि इतर देण्यांवर किती भार टाकलाय? तिन्हींचा गुणाकार केला की परतावा येतो.

2021 मध्ये हे आकडे होते 25 टक्के, 0.47 आणि 1.77. वर्षभरात ते 12.7 टक्के, 0.35 आणि 1.80 झाले. कर्जाची बाजू जवळपास जागच्या जागी राहिली, म्हणजे घसरणीचा दोष तिला देता येत नाही.

मार्जिन निम्म्यावर आलं. विक्री 79 अब्ज डॉलरवरून 63 अब्जावर घसरली, पण चिपच्या कारखान्याचा घसारा आणि देखभाल काही कमी होत नाही. तोच खर्च कमी चिपांवर पडला. खरं तर अवस्था दिसते त्याहून थोडी वाईटच होती. त्या वर्षी करातून सवलत मिळाल्यामुळे निव्वळ नफा करपूर्व नफ्यापेक्षाही जास्त भरला! म्हणून मार्जिन पाहताना करापूर्वीची ओळ वाचायलाच हवी.

उलाढालीची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. विक्री घटत असताना मालमत्ता मात्र 168 अब्जावरून 182 अब्जावर गेली. कारखाने आणि यंत्रसामग्री 63 अब्जावरून 81 अब्जावर पोचली, कारण नव्या फॅबची बांधकामं चालू होती. बांधकाम सुरू असलेला कारखाना पहिल्या दिवसापासून ताळेबंदात चढतो, त्यातली पहिली चिप मात्र बऱ्याच उशिरा विकली जाते. न विकलेल्या मालाचा साठाही वाढला होता.

उलाढाल आणि कर्ज तसंच ठेवून फक्त मार्जिन खाली आणलं, तर परतावा साडेदहाच्या आसपास येतो. म्हणजे तेरा अंकांच्या घसरणीतले दहा मार्जिनच्या खात्यात. पण आधी उलाढाल खाली आणून हिशेब केला तर तिचा वाटा पाचाच्या पुढे जातो. घटकांचा गुणाकार असल्यामुळे वाटणी क्रमावर अवलंबून राहते. त्यामुळे 'अमुक इतके टक्के मार्जिनमुळेच' असं कोणी ठासून सांगितलं, तर हिशेब कुठून सुरू केला ते विचारावं.

एवढ्यावरून नवे कारखाने चुकीचे होते असं मात्र ठरत नाही. त्यासाठी ते चालू झाल्यानंतरच्या वर्षांत उलाढाल सावरते का, ते पाहावं लागतं.