घाटात आधी कोण?

मुलांनो, एक गंमत सांगते, पण शाळेत कुणाला सांगू नका. तुमच्या वह्या तपासणाऱ्या तुमच्या बाई गेल्या वर्षी नापास झाल्या! मोटार चालवायच्या शिकाऊ लायसन्सची लेखी परीक्षा होती. पंधरा प्रश्न, आणि पास व्हायला साठ टक्के, म्हणजे नऊ उत्तरं बरोबर हवीत. माझी आली आठ.

एका प्रश्नाचा मला फार राग आला. प्रश्न असा होता : अरुंद घाटरस्त्यावर एक गाडी चढते आहे, दुसरी उतरते आहे, दोन्ही एका वेळी जाऊ शकत नाहीत. आधी कुणी जायचं? मी लिहिलं, उतरणाऱ्या गाडीने. उत्तर चूक!

तुम्हीच आठवा. सुट्टीत कोकणात जाताना वरंध घाटात काय दिसतं? वरून भरधाव गाडी येते, दिवे चमकवते, आणि खालून येणारी बिचारी कडेला थांबते. सगळे असंच करतात. शिवाय मला वाटलं, उतारावर गाडी थांबवणं कठीण, मग तिलाच जाऊ द्यावं की!

घरी मामा होते. त्यांनी सगळी नोकरी एस.टी.च्या स्टिअरिंगवर काढली. माझी तक्रार ऐकून म्हणाले, "तू फक्त थांबायचा विचार केलास. थांबल्यावर परत निघायचं कसं, ते सांग."

मला काही सुचेना. मग त्यांनी हिशेब मांडला. समजा, दहा मीटर पुढे गेलं की रस्ता एक मीटर वर चढतो. माणसं आणि सामान धरून जीपचं वजन दीड हजार किलो. अशा चढावर तिला साधारण त्याचा दहावा भाग, म्हणजे दीडशे किलोचा भार सतत मागे ओढत असतो. सिमेंटच्या तीन गोण्या दोरीने मागे बांधून विहिरीत सोडाव्यात, तसं! गाडी चालू असते तोवर इंजिन हा भार ओढून नेतं. एकदा थांबली की ड्रायव्हरला ब्रेक सोडणं, क्लच हळूहळू वर घेणं आणि ॲक्सिलरेटर दाबणं हे सगळं एका दमात जमवावं लागतं. क्लच लवकर सुटला तर इंजिन बंद पडतं, ब्रेक लवकर सुटला तर गाडी मागे सरकते. हातब्रेक लावून निघता येतं, पण भरलेल्या ट्रकला तेही सोपं नसतं. आणि मागे लागून दुसरी गाडी उभी असली, की विचारूच नका.

उतरणाऱ्याचं काय? त्यालाही तेवढाच भार ओढतो, पण ज्या दिशेला जायचं त्याच दिशेला. ब्रेक सोडला की गाडी निघाली.

खोटं वाटतं? दप्तर सायकलला लावून चढाच्या मधोमध थांबा आणि तिथूनच पायडल मारून निघून पाहा. मग हेच उलट्या दिशेने करा. (रहदारीच्या रस्त्यावर नाही हं, आणि उतरताना ब्रेकवर हात ठेवा.)

"पण मामा, उतारावर ब्रेक लागायला वेळ लागतो, हे तरी खरं ना?" मी हट्ट सोडला नाही.

"खरं आहे. म्हणून तर उतरताना आधीच खालच्या गिअरमध्ये, हळू यायचं. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. नुसत्या ब्रेकवर उतरलास तर ते तापतात आणि पकड सोडतात. उतरताना ज्याला थांबता येत नाही, तो आधीच चुकलेला असतो. चढणारा मात्र सगळं नीट करूनही अडकतो."

इथे माझं उत्तर कोसळलं! आपल्याकडे 1989 च्या रस्त्याच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलं होतं : रस्ता पुरेसा रुंद नसेल तर उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला जाऊ द्यायचं. 2017 मध्ये नवे नियम आले, तरी हा कायम राहिला. दिवे चमकवल्याने हक्क मिळतो, असं त्यात कुठेच नाही. अर्थात रस्ता रुंद असेल तर हा प्रश्नच येत नाही. आणि चढणाऱ्याच्या अगदी शेजारी मोकळी जागा असली, तर तो आपणहून बाजूला होतो, ते वेगळं.

दुसऱ्या खेपेला मी पास झाले. दिवाळीत मामांना शेजारी बसवून वरंध घाट उतरत होते. एका वळणापलीकडे खालून ट्रक चढत होता, वर लाकडं लादलेली. मी आधीच दुसऱ्या गिअरमध्ये होते. डाव्या कड्याला लागून थांबले. मागच्या गाडीने हॉर्नचा सपाटा लावला, माझे तळहात घामेजले. मामा म्हणाले, "वाजवू दे त्याला."

ट्रक न थांबता, घरघरत, माणसाच्या चालीने वर आला आणि गेला. मी ब्रेकवरून पाय उचलला. आमची गाडी आपली आपण पुढे सरकली.