तापमानाबरोबर सरकणारी फर्मी पातळी

सिलिकॉनच्या स्फटिकात इलेक्ट्रॉनांना वाटेल ती ऊर्जा घेता येत नाही. खालचा संयुजा पट्टा जवळजवळ भरलेला, वरचा वहन पट्टा जवळजवळ रिकामा आणि मध्ये सुमारे 1.12 इलेक्ट्रॉनव्होल्टची दरी, अशी तिथली रचना. इलेक्ट्रॉन कुठवर भरलेत, हे फर्मी पातळीवरून कळते. या ऊर्जेला जागा असलीच, तर ती भरलेली असण्याची शक्यता बरोबर निम्मी असते. शुद्ध सिलिकॉनमध्ये ही पातळी दरीच्या साधारण मध्यावर येते. तिथे इलेक्ट्रॉन बसलेला नसतो. ती हिशेबाची रेघ आहे.

आता पन्नास लाख सिलिकॉन अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू मिसळू. हे झाले एन-प्रकारचे सिलिकॉन. फॉस्फरसच्या पाचव्या इलेक्ट्रॉनची जागा वहन पट्ट्याच्या जेमतेम 0.045 इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली असते. निरपेक्ष शून्य तापमानाला तो तिथेच अडकलेला असतो आणि तीच सर्वांत वरची भरलेली जागा ठरते. फर्मी पातळी तिच्या आणि वहन पट्ट्याच्या मधोमध असते.

द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे 196 अंशांना, यांपैकी साधारण एक तृतीयांश इलेक्ट्रॉन सुटून वहन पट्ट्यात गेलेले असतात आणि रेघ फॉस्फरसच्या पातळीपाशी उतरते. खोलीच्या तापमानाला जवळपास सगळेच सुटतात. तेव्हा रेघ वहन पट्ट्याखाली 0.2 इलेक्ट्रॉनव्होल्टवर असते. 127 अंशांना हे अंतर 0.29 होते. उष्णता वाढली, तरी फॉस्फरसने दिलेले इलेक्ट्रॉन तेवढेच राहतात. पण वहन पट्ट्यातल्या अधिकाधिक जागा त्यांच्या आवाक्यात येतात. इलेक्ट्रॉन तेवढेच आणि जागा जास्त, म्हणून प्रत्येक जागा भरण्याची शक्यता घटते आणि रेघ खाली येते.

बोरॉन मिसळलेल्या पी-प्रकारात चित्र उलटे दिसते. बोरॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन कमी असतो. त्याची रिकामी जागा संयुजा पट्ट्याच्या 0.045 इलेक्ट्रॉनव्होल्ट वर असते. निरपेक्ष शून्याला संयुजा पट्ट्याचा माथा हीच सर्वांत वरची भरलेली जागा असते आणि रेघ त्याच्या किंचित वर असते. तापवल्यावर ती वर चढते.

म्हणजे दोन्ही प्रकारांत रेघ मध्याकडेच निघते. आपल्या नमुन्यात 400 अंशांच्या आसपास दरी ओलांडून येणारे इलेक्ट्रॉन फॉस्फरसच्या इलेक्ट्रॉनांइतके होतात. त्यापुढे एन आणि पी हा भेदच पुसला जातो. मोजणीत हे ओळखता येते: नमुना तापवताना त्याचा विद्युतरोध आधी वाढतो, कारण अणूंच्या थरथरीने इलेक्ट्रॉनांची वाट अडते, आणि मग एकाएकी घसरतो.

प्रत्यक्षात मात्र सिलिकॉनचे डायोड आणि ट्रान्झिस्टर यांची मर्यादा बहुधा 150 ते 175 अंशांवरच ठेवतात, कारण तोवर गळतीचा प्रवाह खूप वाढलेला असतो.